भाड्याचा गाळा कंपनीच्या ताळेबंदात कसा वाचायचा

दुकानदाराला ताळेबंद शिकवावा लागत नाही. माल किती, उधारी किती, देणं किती, हे त्याला रोजमेळावरून तोंडपाठ असतं. तरीही लातूर, नांदेड, परभणीकडचे बरेच व्यापारी शेअर घ्यायला लागले की एका ठिकाणी हटकून अडतात. साखळी दुकानं चालवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालाचं मराठी भाषांतर हातात येतं. त्यात मालमत्तेच्या बाजूला ‘वापर हक्क मालमत्ता’ म्हणून शेकडो कोटींचा आकडा असतो आणि देण्यांच्या बाजूला ‘भाडेपट्टा दायित्व’ म्हणून त्याहून मोठा आकडा. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका कापड व्यापाऱ्यानं मला सरळ विचारलं, “अहो साहेब, जागा दुसऱ्याची, भाडं आपण महिन्याला भरतोय, मग ही मालमत्ता कशी काय झाली? आणि पुढच्या नऊ वर्षांचं भाडं आजच देणं कसं?”

प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या मार्चपर्यंत त्यांचंच म्हणणं चालत होतं. दुकानाचं भाडं खर्चात जायचं आणि पुढच्या वर्षांची बांधिलकी मागच्या टिपांमध्ये कुठंतरी पडून राहायची. त्यामुळं कर्ज काढून जागा विकत घेणारी कंपनी कर्जबाजारी दिसायची आणि तितक्याच जागा लांबच्या करारानं भाड्यानं घेणारी कंपनी अगदी हलकीफुलकी. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे लेखामानक लागू झालं. करारानं बांधलेलं पुढचं भाडं हे देणंच आहे आणि त्या बदल्यात जागा वापरायचा जो हक्क मिळाला तो मालमत्ता आहे, असं हे मानक धरतं. जागा कंपनीच्या नावावर होत नाही. ताळेबंदात चढतो तो फक्त वापरायचा हक्क, तोही कराराच्या मुदतीपुरता.

आधी मूळ अहवालाशी गाठ घाला

भाषांतर एकटं वाचू नका. मूळ इंग्रजी पीडीएफ शेजारी उघडा, Ctrl+F दाबून `Right-of-use` आणि नंतर `Lease liabilities` शोधा. ताळेबंदात त्या ओळीपुढं टीप क्रमांक असतो. तोच क्रमांक भाषांतरात काढा आणि आकडा जुळतो का बघा. असं करायचं कारण म्हणजे मराठीत ह्या दोन गोष्टींना एकच ठरलेलं नाव नाही. वापराच्या अधिकाराची मालमत्ता, हक्काधारित मालमत्ता, लीज देयता, पट्टा दायित्व, असं काहीही येतं. एकाच अहवालात पान बदललं की नाव बदललेलंही दिसेल. नाव बदललं तरी टीप क्रमांक आणि आकडा तोच राहतो, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवा.

भाडेपट्टा दायित्व दोन ठिकाणी असतं. पुढच्या बारा महिन्यांत फिटणारा भाग चालू देण्यांत आणि बाकीचा दीर्घ मुदतीच्या देण्यांत. दोन्हींची बेरीज केली तरच पूर्ण आकडा मिळतो. बँकेच्या कर्जाची ओळ ह्याच्या शेजारीच पण वेगळी असते.

टिपांमध्ये एक शब्द नेमका फसवतो. पुढं द्यायच्या भाड्यांचा एक तक्ता असतो: एक वर्षाच्या आत किती, एक ते पाच वर्षांत किती, त्यानंतर किती. त्याच्या डोक्यावर भाषांतरात ‘सवलत न दिलेली रक्कम’ असं लिहिलेलं सापडतं. त्यात कुणीही कुणाला सवलत दिलेली नसते. ती पुढच्या भाड्यांची सरळ बेरीज आहे, आजच्या किमतीत न आणलेली. म्हणून ती ताळेबंदातल्या दायित्वापेक्षा नेहमी मोठी निघते. तसाच ‘सवलतीचा दर’ म्हणजे ज्या व्याजदरानं पुढचं भाडं आजच्या किमतीत आणलं तो दर.

एक गाळा घेऊन हिशेब करू

समजा, एका साखळी कंपनीनं लातूरला औसा रोडवर गाळा घेतला. भाडं महिना १ लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख. करार नऊ वर्षांचा. पहिली तीन वर्षं कंपनीला सोडता येत नाही, ज्याला बाजारात लॉक-इन म्हणतात. त्यानंतर कंपनी नोटीस देऊन केव्हाही निघू शकते, मालकाला मात्र नऊ वर्षं काढता येत नाही. कंपनीला तेवढ्याच मुदतीचं कर्ज १० टक्क्यांनी मिळालं असतं असं धरू. भाडं दर महिन्याला जातं, पण हिशेब सोपा राहावा म्हणून ते वर्षाच्या शेवटी एकदम दिलं असं मानू.

नऊ वर्षांचं भाडं सरळ बेरजेनं १०८ लाख होतं. पण वर्षभरानं द्यायचे १२ लाख आजच्या हिशेबानं १२ ÷ १.१० म्हणजे १०.९१ लाखच भरतात. दोन वर्षांनी द्यायचे १२ लाख ९.९२ लाख भरतात. असं नऊही वर्षांचं मांडून बेरीज केली की ६९.११ लाख येतात. पहिल्या दिवशी भाडेपट्टा दायित्व एवढं, आणि वापर हक्क मालमत्ताही एवढीच. १०८ मधून ६९.११ वजा केले की उरलेले ३८.८९ लाख नऊ वर्षांत व्याज म्हणून खर्ची पडणार.

पुढचं वर्षागणिक काम ट्रॅक्टरच्या कर्जासारखं चालतं: हप्ता तोच, पण सुरुवातीला त्यात व्याज जास्त आणि मुद्दल कमी. पहिल्या वर्षी ६९.११ लाखांवर १० टक्क्यांनी ६.९१ लाख व्याज चढलं, १२ लाख भाडं दिलं, म्हणजे मुद्दल फक्त ५.०९ लाख फिटलं. दायित्व उरलं ६४.०२ लाख. मालमत्तेचा घसारा मात्र सरळ नऊ भागांत पडतो, वर्षाला ७.६८ लाख. वर्षाअखेर मालमत्ता उरली ६१.४३ लाख.

मालमत्ता आणि दायित्व पहिल्या दिवशी सारखे असून वर्षभरात २.५९ लाखांचं अंतर पडलं. मालमत्ता सारख्या पावलांनी उतरते, देणं सुरुवातीला हळू उतरतं, म्हणून बहुतेक अहवालांत दायित्वाचा आकडा मोठा दिसतो. नुसत्या ह्या फरकावरून कंपनीत काही काळंबेरं आहे असं समजू नका. उलट एखाद्या कंपनीत मालमत्ताच मोठी दिसली, तर तिनं भाडं आगाऊ भरलंय का, करार मिळवायला दलाली वगैरे दिलीय का, डिपॉझिट मोठं आहे का, हे टिपेत बघा. आगाऊ भाडं आणि दलाली पूर्ण, आणि बिनव्याजी डिपॉझिटचा फक्त आजच्या किमतीत आणताना कमी झालेला भाग, हे मालमत्तेत मिळवलं जातं, दायित्वात नाही.

कराराची मुदत किती धरली, हा खरा प्रश्न

वरच्या हिशेबात मी नऊ वर्षं धरली. पण कंपनी म्हणू शकते, आम्हाला तीन वर्षांनंतर निघायची मुभा आहे, म्हणून मुदत तीनच वर्षं. मग तोच गाळा, तेच भाडं, तोच व्याजदर, आणि दायित्व येतं २९.८४ लाख. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

मानक म्हणतं की सोडता न येणारा काळ तर धरायचाच, शिवाय पुढचाही काळ कंपनी तिथं राहील हे बऱ्यापैकी निश्चित असेल तर तोही धरायचा. हे ‘बऱ्यापैकी निश्चित’ कंपनीचं व्यवस्थापन ठरवतं आणि लेखापरीक्षक तपासतो. दुकानदाराला ह्यातलं खरंखोटं चांगलं कळतं. गाळ्यात लाखो रुपयांचं फर्निचर, एसी, दर्शनी काच बसवून कुणी तीन वर्षांत उठून जात नाही. म्हणून टीप वाचताना दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवा: मुदतीविषयी कंपनीनं कोणतं धोरण लिहिलंय, आणि फर्निचर, सजावट ह्यांचा घसारा किती वर्षांत काढलाय. फर्निचर आठ-नऊ वर्षं टिकेल म्हणायचं आणि करार तीन वर्षांचा धरायचा, हे एकत्र बसत नाही.

दोन कंपन्यांची तुलना करताना ही टीप दोन्हींची वाचल्याशिवाय दायित्वाचे आकडे एकमेकांसमोर ठेवू नका. व्याजदराचंही तसंच. तो बहुधा कंपनीला नवं कर्ज ज्या दरानं मिळालं असतं तो असतो. दर जितका जास्त धरला, दायित्व तितकं लहान दिसतं.

काही भाडी ह्या हिशेबात येतच नाहीत. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचे करार कंपनी बाहेर ठेवू शकते. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची त्यामुळं इथंही सोय होते, पण दरवर्षी नवे अकरा महिने करत तिथंच बसलेल्या कंपनीला लेखापरीक्षक प्रश्न विचारतोच. दुसरं, विक्रीवर टक्केवारीनं ठरलेलं भाडं. मॉलमध्ये हे फार चालतं. विक्रीच्या आठ टक्के भाडं असेल, तर उद्या विक्री किती होईल ते माहीत नाही, म्हणून ते दायित्वात धरत नाहीत आणि त्या त्या वर्षी खर्चात टाकतात. दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढ अशी ठरलेली वाढ मात्र पहिल्या दिवसापासून हिशेबात येते.

नफ्यातलं भाडं कुठं गेलं?

नफा-तोटा पत्रकात औसा रोडच्या गाळ्याचं १२ लाख भाडं आता सापडणार नाही. त्याच्या जागी घसाऱ्याच्या ओळीत ७.६८ लाख आणि वित्तीय खर्चाच्या ओळीत ६.९१ लाख आहेत. बेरीज १४.५९ लाख. खिशातून गेले १२, खर्च दिसला १४.५९. ह्या उदाहरणात पहिली पाच वर्षं खर्च भाड्यापेक्षा जास्त दिसतो, सहाव्या वर्षापासून कमी. शेवटच्या वर्षी तर तो ८.७७ लाखांवर येतो. म्हणून झपाट्यानं दुकानं उघडणाऱ्या कंपनीचा निव्वळ नफा ह्या मानकामुळं थोडा दबलेला असतो, आणि जुनी दुकानं तशीच चालवणाऱ्या कंपनीचा थोडा फुगलेला.

मोठी गल्लत मात्र निव्वळ नफ्यात होत नाही, ती एबिटडा नावाच्या आकड्यात होते. व्याज, घसारा आणि कर वजा करण्यापूर्वीचा हा नफा. भाडं घसाऱ्यात आणि व्याजात गेलं की ह्या नफ्यातून ते गायबच होतं. दुकानाचं भाडं न मोजता काढलेला नफा! आपल्या दुकानाचा असा नफा कुणी सांगितला तर आपण हसू, पण सादरीकरणाच्या पहिल्या पानावर तोच ठळक असतो. काही कंपन्या स्वतःच दोन्ही आकडे देतात. पीव्हीआर आयनॉक्स आपले निकाल हे मानक धरून आणि ते बाजूला ठेवून अशा दोन्ही पद्धतींनी मांडते. जी देत नाही तिचा हिशेब आपण करायचा.

भाडं परत बसवा

त्यासाठी रोख प्रवाह पत्रक उघडा. वरच्या भागात, म्हणजे व्यवसायातून आलेल्या रोखीत, हे भाडं सापडणार नाही. खाली कर्ज घेणं-फेडणं असतं त्या वित्तीय भागात दोन ओळी शोधा: भाडेपट्टा दायित्वाची मुद्दल परतफेड आणि त्यावरचं व्याज. काही कंपन्या दोन्ही एकाच ओळीत देतात. ही बेरीज म्हणजे त्या वर्षी करारांपोटी प्रत्यक्ष दिलेलं भाडं. अल्पमुदतीच्या आणि टक्केवारीच्या भाड्याचं काही करायचं नाही, ते आधीच खर्चात आहे.

एका काल्पनिक कंपनीचे आकडे घेऊ. एबिटडा २४० कोटी. रोख प्रवाह पत्रकात भाडेपट्ट्याचं मुद्दल ७० कोटी आणि व्याज ५० कोटी. बँकेचं कर्ज १०० कोटी, भाडेपट्टा दायित्व ६०० कोटी. भाडं परत बसवलं की नफा उरतो

२४० − (७० + ५०) = १२० कोटी

आता कर्जाचा भार मोजायचा. इथं दोन रस्ते आहेत आणि त्यातला एकच धरायचा. पहिला रस्ता: भाडं खर्च मानलं, नफा १२० कोटी, म्हणून कर्ज फक्त बँकेचं १०० कोटी. म्हणजे नफ्याच्या पाऊण पटीच्या आसपास. दुसरा रस्ता: भाडेपट्टा हेही कर्जच मानलं, तर एकूण देणं ७०० कोटी, पण मग नफाही भाडं न कापलेला २४० कोटी घ्यायचा. म्हणजे जवळपास तीन पट. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. ७०० कोटी देणं १२० कोटी नफ्यावर मोजलं तर भाडं दोनदा धरलं जातं आणि चांगली कंपनी बुडीत वाटायला लागते. उलट १०० कोटी कर्ज २४० कोटी नफ्यावर मोजलं तर भाडं एकदाही धरलं जात नाही. शेअर विकणाऱ्याच्या कागदावर बहुतेक वेळा हा शेवटचा प्रकार असतो. शेअरची माहिती देणाऱ्या काही संकेतस्थळांवर ‘कर्ज’ ह्या आकड्यात भाडेपट्टा दायित्व मिळवलेलं असतं, काहींवर नसतं. म्हणून तिथला कर्जाचा आकडा ताळेबंदाशी एकदा ताडून घ्या, नाहीतर कर्जमुक्त कंपनीवर अचानक सहाशे कोटींचं कर्ज दिसून धडकी भरेल.

स्वतःपुरतं सांगायचं तर साखळी दुकानांच्या कंपनीत मी पहिला रस्ता धरतो. तोट्यातलं दुकान लॉक-इन संपल्यावर सोडता येतं, बँकेचं कर्ज असं सोडून जाता येत नाही. पण जिथं धंदाच भाड्याच्या वस्तूंवर उभा आहे तिथं दुसरा रस्ता बरा. इंडिगोची कितीतरी विमानं भाडेपट्ट्यावर आहेत आणि त्यांचं देणं बहुतांशी डॉलरमध्ये आहे. रुपया घसरला की तेच दायित्व रुपयांत वाढतं आणि तो फरक नफ्यातून जातो. अशा अहवालात दायित्व कोणत्या चलनात आहे ही टीप सोडू नका. दुसऱ्या टोकाला डीमार्ट चालवणारी अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स आहे. तिचा भर जागा स्वतःच्या मालकीच्या घेण्यावर राहिला, म्हणून तिच्या ताळेबंदात इमारती आणि जमीन हे आकडे मोठे आणि हा विषय लहान.

दुकान बंद झालं आणि नफा दिसला

आता औसा रोडच्या गाळ्याकडं परत या. तीन वर्षं झाली, दुकान चाललं नाही, कंपनीनं नोटीस देऊन गाळा सोडला. त्या दिवशी वहीत काय आहे? दायित्व ५२.२६ लाख, मालमत्ता ४६.०७ लाख. करार संपला म्हणजे दोन्ही पुसून टाकायचे. देणं जास्त होतं, मालमत्ता कमी होती, म्हणून ६.१९ लाख ‘भाडेपट्टा रद्द झाल्यावरील लाभ’ म्हणून नफ्यात येतात, बहुधा इतर उत्पन्नात. दुकान तोट्यानं बंद पडलं आणि पत्रकात उत्पन्न वाढलं.

ह्यात लबाडी काही नाही. पहिल्या तीन वर्षांत भाड्यापेक्षा जो जास्तीचा खर्च दाखवला होता, तोच परत आला. पण ह्या उत्पन्नातून एक रुपयाही गल्ल्यात पडत नाही. रोख प्रवाह पत्रकात तो नफ्यातून वजा केलेला दिसेल. इतर उत्पन्नाची टीप उघडा, हा लाभ वेगळा काढा आणि त्या वर्षाच्या नफ्यातून कमी करूनच नफा वाढला की घटला ते ठरवा. एकाच वर्षी हा लाभ मोठा असेल, तर किती दुकानं बंद केली हे संचालकांच्या अहवालात शोधा. बंद दुकानांतल्या फर्निचरचं नुकसान वेगळ्या ओळीत असतं, तेही बघून घ्या. ते आणि हा लाभ मिळूनच दुकान बंद करण्याचा खरा हिशेब होतो.

जिथं हे आकडे सापडणार नाहीत

बँकांचे स्वतंत्र ताळेबंद वाचताना हे शब्द शोधत बसू नका. रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी इंड-एएस लागू करणं २०१९ च्या मार्चमध्ये पुढं ढकललं, त्यामुळं शाखांचं भाडं तिथं अजून सरळ खर्चातच असतं. एसएमई मंचावर नोंदलेल्या छोट्या कंपन्यांनाही इंड-एएसची सक्ती नाही. त्यांच्याकडं जुनं लेखामानक १९ चालतं आणि साध्या भाड्याच्या गाळ्याचं भाडं खर्चात ‘भाडे’ म्हणून उघड दिसतं. जालन्याची एखादी एसएमई कंपनी आणि मुंबईची मोठी साखळी, दोघींचा एबिटडा शेजारी मांडणार असाल, तर मुंबईच्या कंपनीचं भाडं आधी वरच्या रीतीनं परत बसवा, मगच दोन आकडे एका ओळीत ठेवा.